प्रति: फाउंडेशनचा शेड मानेशी कसा जुळवायचा?

"मनगटावर बरोबर दिसलेला शेड चेहऱ्यावर राखाडी का दिसतो?"

अगं मनगटावर बघूच नको, जबड्याच्या कडेपासून मानेवर तीन शेडच्या उभ्या रेघा ओढ आणि दुकानाच्या ट्यूबलाइटखालून बाहेर उजेडात ये. मग 15 मिनिटं थांब, सुकताना, त्वचेच्या तेलात मिसळताना बरेच शेड गडद होतात. म्हापशात मावसबहिणीसाठी बघत होतो, तिचा रंग गव्हाळ, किंचित हिरवट झाक, तर गुलाबी अंडरटोनची रेघ लगेच राखेसारखी दिसली, पिवळी आधी छान वाटली पण थोड्या वेळाने चक्क केशरी झाली, आणि न्यूट्रल-ऑलिव्ह कुठे ओढली तेच शोधावं लागलं! तोच घेतला. चेहरा उन्हाने रापलेला असेल तर मानेलाच जुळव.