रविवारची ताम्हिणी सहल: जायचं की पुढे ढकलायचं?

मेघना (सी-३०२): परवाचं नक्की काय ठरलं? हवामान खात्याने रविवारी पुण्याच्या घाटमाथ्याला रेड अलर्ट दिलाय. मुलांना घेऊन घाटात जायला जीव धजत नाही.

प्रमोदकाका (ए-१०१): इथे कोथरूडला लख्ख ऊन पडलंय! आपल्याकडे दर वर्षी हेच, ऐन वेळी पाय मागे.

सचिन (बी-२०४): रद्द झाली तर पैसे परत मिळणार का?

मेघना: काका, कोथरूडच्या उन्हावरून ताम्हिणीचं कळत नाही. समुद्रावरून आलेले ढग घाटमाथ्यावरच रिते होतात, आपल्याला उरलासुरला पाऊस. म्हणून तर अंदाजात पुणे शहर आणि घाट वेगळे देतात. रेड म्हणजे चोवीस तासांत २०४ मिलिमीटरच्या वर पडू शकतो. मागे-पुढे दरड आली तर बस मधेच अडकायची.

प्रमोदकाका: ज्यांना भीती वाटते त्यांनी घरी बसावं.

नितीन (ए-४०३): काका, गेल्या वर्षी बसमधून उतरायला तुम्हीच तयार नव्हतात 😄

प्रमोदकाका: माझा गुडघा दुखत होता. विषय भरकटवू नका.

सचिन: पैशांचं कोणी बोलेल का?

सुहास (सेक्रेटरी): सगळ्यांना नमस्कार. होकार ४० जणांचा होता, आज २२ उरलेत. बसचे १४,००० ठरलेले, माणसं कमी झाली तरी तेवढेच. ४० जणांत माणशी ३५० आणि जेवण ४५०, म्हणून ८०० घेतले. २२ जणांत बसचेच ६३६ होतात, म्हणजे माणशी १,०८६.

वर्षा (बी-१०३): मग गळालेल्यांची नावं टाका. आम्ही कशाला भरायचे त्यांचे?

सुहास: नावं टाकणार नाही. कुणाची परीक्षा, कुणाचं आजारपण. बसवाल्याशी बोललो. आज रात्री आठच्या आत कळवलं तर ४,००० ॲडव्हान्स पुढच्या तारखेला धरतो. जेवणवाला भाजी उद्या सकाळी भरतो, त्यामुळे त्याचंही नुकसान नाही. उद्यावर ढकललं तर दोन्हीकडचे पैसे जातील.

सचिन: म्हणजे परत मिळणार की नाही?

सुहास: मिळणार, सचिन. नव्या तारखेला येणाऱ्यांचे जमा राहतील, न येणाऱ्यांना सोमवारी पूर्ण ८००. नवी तारीख सप्टेंबरचा दुसरा रविवार धरू. या वेळी नाव पैशांसकटच घेणार.

प्रमोदकाका: गणपतीत येत नाही ना, ते बघा. बाकी माझी हरकत नाही. मेघना, मघाशी जरा जास्त बोललो.

मेघना: असू दे काका 🙏

कुलकर्णीकाकू (ए-२०२): अहो, बसमधल्या मिसळीसाठी मी सकाळीच दोन किलो मटकी भिजत घातलीय! रविवारपर्यंत बोटभर मोड येतील, तिचं काय करू?

वर्षा: काकू, नऊ वाजता क्लबहाउसमध्ये. पाव मी आणते.

सुहास: बसवाल्याला कळवलं, ७.४०. रविवारी ताटली-चमचा आपापला आणा. न येणाऱ्या १८ जणांनाही बोलावणं आहे.

सचिन: मिसळीचे वेगळे पैसे?

कुलकर्णीकाकू: नाही रे बाबा, ये तू.