प्रूफरीडिंगला 'मुद्रितशोधन' चालेल का? (संदर्भ: डीएनए)

सातरस्ता: एका क्लाससाठी बारावीच्या जीवशास्त्राच्या नोट्स मराठीत करतेय. डीएनएची नक्कल होताना, ती करणारं पॉलिमरेझ हे प्रथिन जे प्रूफरीडिंग करतं, त्याला मी 'मुद्रितशोधन' लिहिलं आणि त्यानंतरच्या मिसमॅच रिपेअरला 'विजोड दुरुस्ती'. सरांनी दोन्ही खोडून दोन्हीकडे 'चूकदुरुस्ती' केलं. काम एकच आहे, शब्द दोन कशाला, म्हणे. तुमचं मत सांगा.

जुने खिळे: मुद्रितशोधन साफ चूक. नव्या पेठेतल्या एका छापखान्यात मी उमेदीची वर्षं जुळारी होतो. गॅली बांधून झाली, शाई लावून कागदावर ठसा काढला, तो ठसा दुसऱ्या कुणीतरी वाचला, की त्याला मुद्रितशोधन म्हणायचं. हातातल्या स्टिकमध्ये चुकीचा खिळा बसला आणि मीच तो तिथल्या तिथे उचलून टाकला, तर ते शोधन नव्हे. त्याला आम्ही काहीच म्हणत नव्हतो. ते जुळणीतच आलं.

पेशीवाली: काका, तुम्ही पॉलिमरेझचंच वर्णन केलंत. ते मागे जाऊन काही वाचत नाही. समोरच्या जुन्या धाग्यावर ए हे अक्षर असेल तर नव्यावर टी लावायचा, जी असेल तर सी, आणि पुढे सरकायचं. चुकीचं अक्षर लागलं की नव्या धाग्याचं टोक नीट बसत नाही, सुटंसुटं राहतं. अशा टोकाला पुढचं अक्षर जोडायला पॉलिमरेझला फार वेळ लागतो. त्या वेळात टोक घसरून त्याच रेणूतल्या दुसऱ्या खोबणीत जातं. तिथे शेवटचं अक्षर कापलं जातं, टोक परत जागेवर येतं आणि जोडणी पुन्हा सुरू होते. चूक 'ओळखली' असं म्हणण्यापेक्षा चुकीपाशी गाडी अडखळली म्हणा. कधीकधी बरोबर अक्षरही उगाच कापलं जातं. तेवढी नासाडी चालवून घेतलेली आहे.

भाषाप्रभू: मग 'स्वशोधन' म्हणा. संस्कृतात तयार शब्द असताना प्रूफरीडिंगचं ओझं कशाला वाहायचं?

जुळे सोलापूर: स्वशोधन? ते आत्मचिंतनासारखं वाटतंय, लका. पोरं हसतील. सरळ 'प्रूफरीडिंग' लिहा, सगळ्यांना कळतं.

भाषाप्रभू: सगळ्यांना कळतं म्हणूनच मराठीचं हे झालंय.

मधली सुट्टी: शब्द राहू द्या, मला सरांचं म्हणणं पटतं. मिसमॅच रिपेअर म्हणजे दुसरं वाचन. पहिल्यात निसटलेली चूक दुसऱ्यात दिसते आणि बदलली जाते. आणि जुना धागा कुठला ते कळावं म्हणून त्यावर मिथाइलच्या खुणा असतात, असं आम्ही शिकलोय. चूक तीच, काम तेच.

पेशीवाली: अर्धं बरोबर. इथेच दोन्ही कामं वेगळी होतात. समजा जीसमोर टी लागला आणि पॉलिमरेझ पुढे निघून गेलं. आता दोन धाग्यांमध्ये तिथे फुगवटा आहे, पण जी चुकीचा की टी? दोन्ही अक्षरं आपापल्या जागी धडधाकट आहेत. पॉलिमरेझला हा प्रश्न पडत नाही, कारण त्याच्या हातातलं टोकच नवं असतं. नंतर येणाऱ्याला मात्र मूळ प्रत कुठली ते आधी ठरवावं लागतं. जी काढून ए बसवला तर 'दुरुस्ती'नेच चूक पक्की झाली.

ई. कोलाय जीवाणूत उत्तर मिथाइलचंच आहे. जीएटीसी या अक्षरक्रमातल्या एवर खूण असते, आणि नव्या धाग्यावर ती उमटायला थोडा वेळ लागतो. म्युटएस हे प्रथिन फुगवटा पकडतं, म्युटएल येऊन मिळतं, आणि म्युटएच जवळचा जीएटीसी शोधून बिनखुणेचा धागा चिरतं. हा 'जवळचा' म्हणजे कधी हजार अक्षरं लांबही असतो. मग चिरेपासून फुगवट्याच्या पलीकडेपर्यंतचा सगळा तुकडा काढून पुन्हा भरतात. एका अक्षरापायी एवढं! शुद्ध प्रथिनं वापरून पॉल मॉड्रिच यांच्या गटाने १९८९ साली हे परीक्षानळीत उभं केलं. २०१५ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा याच कामासाठी होता.

माणसात मात्र ही मिथाइलची खूण नाही. नव्या धाग्यात जोडणीच्या वेळी राहिलेले खंड आणि पॉलिमरेझला धरून ठेवणारं कडं कुठल्या बाजूने तोंड करून बसलंय, यावरून नवा धागा कळतो. बारकाव्यांवर अजून वाद आहेत.

सातरस्ता: ताई, याने नेमकी किती भर पडते? नोट्समध्ये नुसतं 'अचूकता वाढते' असं आहे.

पेशीवाली: ढोबळ हिशेब देते. पेशी दुभंगते तेव्हा प्रत्येक नव्या पेशीच्या वाट्याला सुमारे ६४० कोटी नवी अक्षरं येतात. नुसत्या जोडणीत लाखाला एक चूक धरली तरी ६४ हजार होतात. लगेच कापण्यामुळे ती शंभरपट कमी झाली तर साधारण ६४० उरतात. मिसमॅच रिपेअर आणखी शंभर ते हजारपट कमी करतं, म्हणजे हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. हे आकडे पॉलिमरेझप्रमाणे आणि जागेप्रमाणे बदलतात, तेव्हा मुलांना पाठ करायला लावू नका.

अक्कलकोट रोड: मध्येच विचारतो, माफ करा. मामांच्या मोठ्या आतड्याच्या गाठीचा रिपोर्ट आलाय. त्यात एमएलएच१ आणि पीएमएस२ 'आढळले नाही' आणि खाली 'मिसमॅच रिपेअर डेफिशियंट'. म्हणजे दोन जनुकं बिघडलीत का? आणि आम्हा भाच्यांना पण येणार का हे?

पेशीवाली: दादा, दोन नावं दिसली तरी मूळ बिघाड बहुधा एकच असतो. ही दोन्ही मिसमॅच रिपेअरची प्रथिनं, आणि पीएमएस२ला एमएलएच१चा आधार लागतो. तो गेला की तेही टिकत नाही. आनुवंशिक आहे की नाही हे एवढ्यावरून सांगता येत नाही. उतारवयातल्या पुष्कळ गाठींमध्ये एमएलएच१चं जनुक फक्त त्या गाठीतच बंद पडलेलं असतं. तसं असेल तर ते बहुधा घराण्यात उतरत नाही. आनुवंशिक असेल तर त्याला लिंच सिंड्रोम म्हणतात. कर्करोगतज्ज्ञांना विचारा की गाठीतल्या बीआरएएफ जनुकाची आणि एमएलएच१च्या मिथायलेशनची, म्हणजे त्यावर मिथाइल बसून ते बंद पडलंय का याची, तपासणी केली का. उपचार ठरवतानाही हा शेरा कामाचा असतो, तेव्हा रिपोर्ट जपून ठेवा.

मधली सुट्टी: पण मामांचं पॉलिमरेझ तर शाबूत आहे ना? मग प्रूफरीडिंगने का भागत नाही?

पेशीवाली: कारण एकाच अक्षराची रांग. ए ए ए ए असे पंचवीस-तीस ए ओळीने आले की नवा धागा एका घराने घसरतो, एखादं अक्षर जास्त किंवा कमी लागतं. पण टोकाशी बघाल तर एसमोर टी, सगळं जुळलेलं! फुगवटा मागे कुठेतरी राहिला. पॉलिमरेझ अडखळतच नाही, मग कापणार काय? तो फुगवटा मिसमॅच रिपेअरवालेच पकडतात. ते नसले की अशा रांगांची लांबी गाठीत जागोजागी बदललेली सापडते, आणि प्रयोगशाळेत हा बिघाड तपासायची एक पद्धत तीच आहे. सरांना हे उदाहरण दाखवा. काम एकच असतं तर एकाने दुसऱ्याची उणीव भरून काढली असती.

अक्कलकोट रोड: धन्यवाद ताई. मंगळवारी दाखवायला जायचंय, हे लिहून नेतो.

जुने खिळे: मामांना आराम पडो. सातरस्ताताई, 'विजोड' मात्र काढा. आमच्याकडे विजोड म्हणजे नवरा-बायको.

भाषाप्रभू: विषम जोडी ती विजोड. फक्त नवरा-बायको कुठून आणलेत? बैलजोडीलाही म्हणतात.

जुळे सोलापूर: बैलाला 'बेजोड' म्हणतात बे.

भाषाप्रभू: बेजोड म्हणजे ज्याला तोड नाही असा! अर्थ अगदी उलटा. कोश उघडा जरा.

जुने खिळे: कोशात 'जुळारी' आहे का तेही बघा. मागे एका संपादकांनी मला सांगितलं होतं, असा शब्दच नाही.