वळणं ठेवा, वाटा जोडा

> ११ मिनिटांच्या भागाची स्क्रिप्ट १९ पानांची झालीये. वळणं न गमावता काय कापू?

आधी संवाद छाटू नका, त्यानं फार तर एखादं पान वाचतं. प्रत्येक प्रसंगापुढे एका ओळीत लिहा: याच्या शेवटी काय बदललं? उत्तर नसेल तर तो प्रसंग काढा.

उरलेले एकमेकांत मिसळा. समजा, मुलीला आजोबांचा संशय येतो, मग जुनं पत्र सापडतं, मग ती मैत्रिणीला सांगते, शेवटी आजोबांना विचारते. पत्र आजोबांसमोरच सापडू द्या. चारांचा एक प्रसंग होतो आणि वळण जास्त बोचतं. मात्र ज्या पेटीत पत्र सापडतं ती आधी एकदा, ओझरती का होईना, दिसायलाच हवी. कापताना नेमकी तीच जाते आणि मग सगळं योगायोग वाटतं. हे सगळं स्टोरीबोर्डआधीच उरका.