प्रतिसाद: कारणं कुठून सुचवायची?

"मुलं रचना छान काढतात, पण सिद्धतेत कारण लिहा म्हटलं की अडतात."

स्पर्शिकाखंडाचं प्रमेय घ्या, वर्तुळाबाहेरच्या P बिंदूपासून काढलेले दोन्ही स्पर्शिकाखंड समान असतात. O केंद्र, ३ सेमी त्रिज्या, OP = ५ सेमी. OP चा मध्यबिंदू काढून तिथून २.५ सेमी त्रिज्येचं वर्तुळ काढलं की A, B हे स्पर्शबिंदू मिळतात, PA आणि PB मोजले की दोन्ही ४ सेमी. आता पट्टी बाजूला ठेवायला सांगा आणि विचारा, न मोजता काय काय समान आहे हे माहितीये? OA = OB, एकाच वर्तुळाच्या त्रिज्या. OP सामाईक. A आणि B पाशी ९०°, स्पर्शिका-त्रिज्या प्रमेय. झाली की कारणं, मग कर्णभुजा कसोटी आणि PA = PB शेवटी येतं, एकरूप त्रिकोणांच्या संगत बाजू म्हणून.

घोळ इथेच होतो, बरीच पोरं आधीच PA = PB लिहून बाबाबा लावतात, म्हणजे जे सिद्ध करायचं तेच वापरलं! काहीजण बाबाको लिहितात, पण ती कसोटीच नाही. त्यांना ३०° चा कोन, त्याची एक भुजा ६ सेमी आणि समोरची बाजू ४ सेमी देऊन त्रिकोण काढायला लावा, कंपासचा कंस दुसऱ्या भुजेला दोनदा छेदतो, दोन वेगळे त्रिकोण येतात. काटकोन असला की ही भानगड होत नाही.