मदत हवी आहे: अधिकचिन्ह गळालेल्या मोबाईल क्रमांकांमधून देशाचा संकेतांक कसा ओळखावा?

नोंदवहीवाला:
नमस्कार. आमच्या माजी विद्यार्थी संघाची ४१२ जणांची संपर्कयादी माझ्याकडे आली आहे. सदस्यांनी आपापले क्रमांक अर्जात स्वतः लिहिले होते, परंतु यादी स्प्रेडशीटमध्ये चढवताना त्या रकान्याचा प्रकार ‘मजकूर’ असा ठेवला गेला नाही. त्यामुळे क्रमांकांपुढची सर्व अधिकचिन्हे आणि सुरुवातीची शून्ये नाहीशी झाली, आणि काही ठिकाणी तर नुसते `9.19E+11` असे दिसते. बहुतेक सदस्य भारतात आहेत, काही परदेशात. ८८० ने सुरू होणारे तीन क्रमांक बांगलादेशाचे आणि ९२ ने सुरू होणारे अकरा पाकिस्तानचे धरावेत का? आणि क्रमांकावरून सदस्य कोणत्या शहरात आहे हे कळले, तर विभागवार गट करता येतील.

प्रवासी७:
सोपे आहे. ९२ हा पाकिस्तानचा, ८८० बांगलादेशाचा आणि ९७७ नेपाळचा संकेतांक आहे. पहिले दोन-तीन अंक पाहून रकाना भरत जा. भारतीय क्रमांकाचे पहिले चार अंक कंपनी आणि विभाग सांगतात, त्यामुळे गटांचेही काम होईल.

तारायंत्र:
थांबा, असे करू नका. संकेतांक बरोबर आहेत, पण ते संकेतांक म्हणून वाचायचे की नाही हे अधिकचिन्हावर ठरते, आणि नेमके तेच गळाले आहे. ते असते तेव्हा डावीकडून वाचताना संदिग्धता राहत नाही, कारण कोणताही संकेतांक दुसऱ्या संकेतांकाची सुरुवात नसतो. ९१ भारताला दिल्यावर ९१ ने सुरू होणारा तीन अंकी संकेतांक कोणालाच मिळत नाही. चिन्ह गेले की पहिले अंक देशाचे आहेत की क्रमांकाचेच, हे त्या अंकांवरून कळत नाही. म्हणून आधी एकूण अंक मोजा.

भारतीय मोबाईल क्रमांक दहा अंकी असून ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतो. तुमचे ९२ वाले क्रमांक दहा अंकी असतील, तर ते साधे भारतीय क्रमांक असण्याचीच शक्यता मोठी. पाकिस्तानी मोबाईल क्रमांक संकेतांकासह बारा अंकी होतो आणि ९२ नंतर लगेच ३ येतो. बांगलादेशाचा तेरा अंकी होतो आणि ८८० नंतर १ येतो. दहा अंकी ८८०××××××× हाही भारतीयच दिसतो. बारा अंकी क्रमांक ९१ ने सुरू होऊन तिसरा अंक ६ ते ९ यांपैकी असेल, तर ९१ वेगळे काढावे. ९१ ने सुरू होणारा दहा अंकी क्रमांक मात्र तसाच ठेवावा. त्याचे ९१ कापून आठ अंकी शेपूट उरलेल्या याद्या मी पाहिल्या आहेत.

`9.19E+11` बद्दल घाबरू नका. बारा ते पंधरा अंकांची संख्या स्प्रेडशीट असे दाखवते, पण आत सर्व अंक शाबूत असतात. रकान्याचे स्वरूप दशांशस्थळे नसलेल्या साध्या संख्येचे केले की ते दिसतील. मात्र त्या अवस्थेत फाईल सीएसव्ही म्हणून साठवून पुन्हा उघडली असेल, तर दिसत होते तेवढेच साठवले गेलेले असते. मग अशा क्रमांकांच्या शेवटी शून्यांची रांग दिसेल. ते अंक मूळ अर्जाशिवाय परत मिळणार नाहीत.

कावळा_बसला_फांदीवर:
मला दोन आठवड्यांपासून एका अनोळखी क्रमांकावरून धमकीचे फोन येत आहेत. क्रमांकावरून त्या माणसाचा पत्ता काढण्याची पद्धत येथे कोणी सांगेल का?

तारायंत्र:
आपला प्रश्न वेगळा आहे, पण उत्तर थोडक्यात देतो. क्रमांकाच्या अंकांत ना नाव असते, ना पत्ता. नोंदणीदाराची माहिती सेवा कंपनीकडे असते आणि ती पोलिसांमार्फतच मिळते. शिवाय पडद्यावर उमटणारा क्रमांक बनावटही असू शकतो, म्हणून त्या क्रमांकाच्या मालकाला स्वतः जाब विचारू नका. तक्रार नोंदवा आणि फोनमधील कॉलची नोंद पुसू नका.

नोंदवहीवाला:
मोजून पाहिले. ९२ वाले अकराही क्रमांक आणि ८८० वाले तिन्ही दहा अंकी निघाले! म्हणजे चौदा सदस्यांना मी परदेशी पाठवणार होतो. स्वरूप बदलताच `9.19E+11` चे अंकही परत आले. विभागवार गटांचे मात्र काय करावे?

तारायंत्र:
तो विचार सोडावा. क्रमांकाची मालिका मुळात कोणत्या कंपनीला, कोणत्या परिमंडळासाठी दिली गेली होती, एवढेच पहिले अंक सांगतात. भारतात २० जानेवारी २०११ पासून देशभर क्रमांक तोच ठेवून कंपनी बदलता येते, आणि ३ जुलै २०१५ पासून परिमंडळ बदलले तरी क्रमांक तोच राहतो. बरे, परिमंडळ म्हणजे बहुधा आख्खे राज्य, शहर नव्हे. आणि क्रमांक कुठला का असेना, फोन कुठे आहे हे त्यात नसते. भारतीय क्रमांक रोमिंगवर घेऊन वर्षभर परदेशी राहणारा सदस्य तुमच्या यादीत घरीच दिसेल.

प्रवासी७:
माझे चुकले, मान्य. पण अंक मोजण्याच्या आपल्या पद्धतीतही एक भोक आहे. माझा भाऊ ब्रिटनमध्ये आहे आणि आपला क्रमांक सवयीने तिथल्यासारखा, म्हणजे ०७ पासून अकरा अंकी लिहितो. स्प्रेडशीटने त्यातले शून्य खाल्ले, तर ७ ने सुरू होणारे दहा अंक उरतात. तो भारतीय क्रमांकच वाटेल.

तारायंत्र:
अगदी बरोबर, हे माझ्या लक्षात यायला हवे होते. तशीच अडचण सिंगापूरची आहे. तिथला मोबाईल क्रमांक आठ अंकी असून ८ किंवा ९ ने सुरू होतो, आणि पुढे ६५ लावले की बरोबर दहा अंक होतात, तेही ६ ने सुरू होणारे. अमेरिकेतील सदस्याने पुढचा १ न लिहिता क्रमांक दिला असेल, तर तोही दहा अंकीच. या तिन्ही ठिकाणी अंक मोजून निर्णय होत नाही. मूळ अर्ज शिल्लक असतील तर तेच पाहावेत.

सदाफुली:
अर्जात निवासाचा देश विचारला असेल ना? सिंगापूर लिहिले असेल, तर ६५ लावून मोकळे व्हा.

तारायंत्र:
त्यावरून शंका घेता येते, खात्री होत नाही. सिंगापूरला राहणारा माणूस भारतीय क्रमांकही देऊ शकतो.

नोंदवहीवाला:
६५८ किंवा ६५९ ने सुरू होणारे सात दहा अंकी क्रमांक सापडले. त्यांपैकी पाच जणांचे मूळ अर्ज मिळाले, आणि चौघांनी ६५ पूर्वी अधिकचिन्ह लिहिलेले आहे. पाचवे सदस्य राहतात सिंगापूरला, पण क्रमांकापूर्वी त्यांनी +९१ लिहिले आहे आणि ते खोडून पुन्हा लिहिले आहे, म्हणजे चुकून नव्हे. उरलेल्या दोघांचे अर्ज नाहीत. त्यांना थेट फोन करून पाहू का?

तारायंत्र:
भारतातून ते दहा अंक तसेच फिरवले, तर फोन भारतीय क्रमांक म्हणूनच जाईल आणि कदाचित तिसराच कोणी उचलेल. उचलणाऱ्याने नाव ओळखले नाही, तरी त्यावरून क्रमांक सिंगापूरचा ठरत नाही, कारण बंद झालेला भारतीय क्रमांक ९० दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकाला दिला जाऊ शकतो. यादीत ईमेलचा रकाना असेल तर आधी तिकडून विचारावे, आणि उत्तरात क्रमांक अधिकचिन्हासह मागावा.

नोंदवहीवाला:
दोघांनाही काल ईमेल पाठवले. एकाने तासाभरात +६५ सह क्रमांक कळवला. दुसरे ईमेल पत्ता अस्तित्वात नसल्याच्या निरोपासह परत आले आहे, त्यामुळे तो रकाना सध्या रिकामा ठेवला आहे. ७ ने सुरू होणारे ६३ क्रमांक अजून तपासायचे आहेत.