मदत हवी आहे: स्पितीत आठवडाभर शूटिंग, कार्ड आणि बॅटरी किती न्यावी?

ऑक्टोबरमध्ये सात दिवस स्पितीला जातोय. व्हिडिओ 4K, 100 मेगाबिटवर, म्हणजे मिनिटाला 750 एमबी. रोज 40 मिनिटांचे 30 जीबी, शिवाय 25 एमबीच्या 300 रॉ फोटोंचे साडेसात. आठवड्याचे 262 जीबी होतात, म्हणजे 256 चं कार्ड थोडक्यात अपुरं पडतं. 128 ची तीन घेऊन रात्री एसएसडीवर कॉपी करावी का? लॅपटॉप न्यायचा नाहीये.

खरी धास्ती चार्जिंगची. कॅमेऱ्याच्या 16 वॉट-अवरच्या तीन बॅटऱ्या रोज संपतील. 20,000 एमएएचची पॉवर बँक कागदावर 74 वॉट-अवरची, हातात जेमतेम 50 येतात. फोन वेगळाच! होमस्टेत सलग दोन रात्री वीज नसली, तर अशा दोन पुरतील का? थंडीत बॅटरी किती लवकर उतरते, तिकडे जाऊन आलेल्यांनी सांगा.