मदत हवी आहे: ग्रुपवरचा संदेश किती लांब असावा आणि एकाचे अनेक कधी करावेत?

नाइलाजाने_सचिव:
नमस्कार. आमच्या इमारतीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ८४ सदस्य आहेत आणि सूचना पाठवण्याचे काम गेल्या वर्षापासून माझ्याकडे आले आहे. मागच्या आठवड्यात मी पाठवलेला एक संदेश साफ फसला. तो जसाच्या तसा खाली देते.

> सर्व सदस्यांना नमस्कार. आपल्या सहकार्याने रंगकामाची पहिली फेरी पूर्ण झाली, त्याबद्दल समिती आपली आभारी आहे. १४ तारखेची सभा काही कारणास्तव पुढे ढकलली असून २१ किंवा २२ यांपैकी कोणता दिवस सोयीचा आहे ते कळवावे. लिफ्टची वार्षिक तपासणी झाली आहे. टाकीची स्वच्छता करायची असल्याने गुरुवारी सकाळी १० ते दुपारी ४ पाणी बंद राहील, तरी बुधवारी रात्रीच पाणी भरून ठेवावे. तळमजल्यावरील घरांना थेट जोडणी असल्याने त्यांचे पाणी सुरू राहील. जुन्या सायकली महिनाअखेरपर्यंत हलवाव्यात, अन्यथा त्या भंगारात दिल्या जातील.

या संदेशाला २६ जणांनी अंगठा दिला, म्हणून मी निश्चिंत होते. गुरुवारी साडेदहापासून मात्र पाणी का नाही, असे विचारणारे फोन सुरू झाले आणि त्यांतले निम्मे फोन अंगठा दिलेल्यांचेच होते. सभेच्या तारखेबद्दल चौघांनी नुसते ‘चालेल’ असे लिहिले. ते २१ तारखेला उद्देशून होते, २२ तारखेला, की सायकलींना, हे मला आजतागायत कळलेले नाही.

त्यावर उपाय म्हणून पुढची सूचना मी नऊ छोट्या संदेशांत पाठवली. मधेच कोणीतरी हरवलेल्या किल्लीची चौकशी केली, त्यावर उत्तरे आली, आणि माझे शेवटचे चार संदेश त्या किल्लीच्या चर्चेखाली गाडले गेले. फोन सारखा वाजतो म्हणून तक्रारीही झाल्या. तेव्हा शब्दांची किंवा ओळींची काही मर्यादा पाळावी का, आणि संदेश तोडायचा तर नेमका कुठे तोडावा, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

शंभर_टक्के:
सोपा नियम सांगतो. एसएमएसला १६० अक्षरांची मर्यादा उगाच ठेवलेली नव्हती. तेवढ्यात जे बसेल तो एक संदेश आणि उरलेला मजकूर पुढच्या संदेशात, असे करावे. प्रत्येकाच्या सुरुवातीला १/५, २/५ असे क्रमांक टाकले की मधे कोणी बोलले तरी गोंधळ होत नाही. मी कार्यालयात असेच करतो.

दारावरची_पाटी:
आमच्याकडेही हाच त्रास होता. शेवटी आम्ही २० माणसांचे चार ग्रुप केले आणि फक्त ॲडमिनलाच लिहिता येईल असे ठेवले. ८४ माणसांचा ग्रुप मुळातच फार मोठा आहे. सकाळी सकाळी फुलांची चित्रे पाठवणाऱ्यांचाही बंदोबस्त करावा.

नाइलाजाने_सचिव:
धन्यवाद. माझा प्रश्न ग्रुप किती मोठा असावा याविषयी नसून संदेश किती मोठा असावा याविषयी आहे. फक्त ॲडमिनने लिहावे हा पर्याय समितीला मान्य नाही, कारण लोकांना तिथेच उत्तरे द्यायची असतात. (फुलांची चित्रे मी स्वतःही पाठवते, त्यामुळे तो विषय राहू द्यावा.)

टाचणी:
मी बरीच वर्षे स्वयंसेवकांना सूचना पाठवण्याचे काम केले आहे, त्या अनुभवावरून लिहितो.

आधी १६० च्या नियमाबद्दल. ती मर्यादा रोमन लिपीतल्या मजकुराची आहे. मराठी एसएमएसमध्ये ७० च जागा मिळतात, आणि काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त हे प्रत्येक चिन्ह वेगळी जागा घेते. ‘स्वच्छता’ हा शब्द डोळ्यांना तीन अक्षरांचा दिसतो, पण त्याला आठ जागा लागतात. मजकूर ७० च्या पुढे गेला की तुकडे जोडण्यासाठी काही जागा राखून ठेवल्या जातात आणि प्रत्येक तुकड्यात ६७ च उरतात. म्हणून १४० जागांचा मराठी मजकूर दोन नव्हे, तर तीन एसएमएस होऊन जातो. तुमच्यापैकी कोणाला साध्या फोनवर एसएमएस करावा लागत असेल, तर एवढा हिशेब ठेवावा. व्हॉट्सअ‍ॅपसाठी मात्र या आकड्यांचा काही उपयोग नाही, कारण तिथे तुमच्या सूचनेच्या कितीतरी पट मजकूर एका संदेशात मावतो. तिथली खरी मर्यादा म्हणजे ‘अधिक वाचा’ येऊन मजकूर दुमडला जातो ती जागा, आणि त्याच्याही आधी, फोन न उघडता वर दिसणारी पहिली ओळ-दीड ओळ. तुमच्या संदेशात त्या जागेवर नमस्कार आणि रंगकामाचे आभार होते. लोकांनी अंगठा दिला तो बहुधा आभारांना.

आता तोडण्याबद्दल. मी लांबी मोजत नाही. मसुदा झाला की स्वतःला एकच प्रश्न विचारतो: या संदेशाला कोणी नुसता अंगठा दिला, तर त्याचा अर्थ एकच निघेल का? तुमच्या संदेशावरच्या अंगठ्याचे किमान चार अर्थ निघतात: आभार पोचले, पाणी भरतो, सभेला येतो, सायकल हलवतो. जिथे उत्तराचे अर्थ वेगळे होतात, तिथे संदेश वेगळा करावा. पाण्याचा एक, सभेचा एक, सायकलींचा एक. सभेसाठी तर दोन तारखांचे मतदानच टाकावे, म्हणजे ‘चालेल’चा अर्थ लावत बसावे लागणार नाही. लिफ्टच्या तपासणीबद्दल कोणालाच काही करायचे नाही, त्यामुळे ती बातमी त्या दिवशी पाठवलीच नसती तरी बिघडले नसते.

दुसरी कसोटी मुदतीची आहे. पाण्याची सूचना गुरुवारी संध्याकाळी संपते, सायकलींची महिनाअखेरीस. वेगळे संदेश असले की पहिला २४ तासांसाठी आणि दुसरा ३० दिवसांसाठी वर टाचून ठेवता येतो. शिवाय पाठवलेला संदेश १५ मिनिटांपर्यंतच दुरुस्त करता येतो. नंतर चूक सापडली, तर एकाच लांब संदेशाची दुसरी आवृत्ती पुन्हा पाठवावी लागते, आणि ग्रुपवर दोन्ही आवृत्त्या फिरत राहतात.

आणि कुठे तोडू नये, हे त्याहून महत्त्वाचे आहे. नियम आणि त्याचा अपवाद कधीही वेगळे करू नयेत, मग संदेश चार ओळींनी वाढला तरी चालेल. ‘पाणी बंद’ एका संदेशात आणि ‘तळमजल्याचे सुरू’ दुसऱ्यात गेले, तर कोणीतरी पहिलाच तेवढा भाडेकरूला पुढे पाठवतो.

नाइलाजाने_सचिव:
अगदी हेच झाले होते. नऊ संदेशांच्या वेळी जिना धुण्याची वेळ पाचव्या संदेशात होती आणि ‘रविवार वगळून’ हे सहाव्यात. रविवारी दोन घरांतली मंडळी पादत्राणे हातात घेऊन, सामान आत ओढून तयार बसली होती.

मोठा_टाइप:
माझा अनुभव थोडा वेगळा आहे. माझ्या सासऱ्यांच्या फोनवर अक्षरे सर्वांत मोठी करून ठेवलेली आहेत. माझ्या फोनवर जो संदेश आठ ओळींत बसतो, तो त्यांच्याकडे संपूर्ण पडदा व्यापून खाली जातो. ‘अधिक वाचा’वर बोट ठेवायचे असते हे त्यांना माहीत नव्हते. संदेश तिथेच संपतो, असा त्यांचा कित्येक महिने समज होता. तेव्हापासून मी कौटुंबिक ग्रुपवरचा संदेश आधी त्यांनाच पाठवून त्यांच्या फोनवर बघते. तुम्हीही आपल्या फोनवर न मोजता अशा एखाद्या फोनवर मोजावे, असे सुचवते.

शंभर_टक्के:
मराठीत ७० जागा असतात हे मला ठाऊक नव्हते, तेवढे मान्य. पण क्रमांकांबद्दल मी अजूनही ठाम आहे. क्रमांक नसेल, तर आपल्याकडून एखादा तुकडा सुटला हे वाचणाऱ्याला कळणार कसे?

टाचणी:
क्रमांकांची गरज भासते तेव्हा मला तो मजकूर चुकीच्या जागी तोडल्याची शंका येते. ३/५ वाचायला १/५ आणि २/५ लागत असतील, तर ते पाच संदेश नसून एकाच संदेशाचे पाच तुकडे आहेत, आणि ते एकत्रच राहायला हवेत.

शंभर_टक्के:
यंत्र दुरुस्तीच्या बारा पायऱ्या पाठवायच्या असतील, तर? आमची माणसे एक पायरी करतात, त्या संदेशावर अंगठा देतात आणि पुढे जातात. कोण कुठे अडकले हे मला तिथल्या तिथे दिसते. सगळे एका संदेशात टाकले, तर ते दिसणार नाही.

टाचणी:
हे मात्र पटले. तिथे प्रत्येक पायरीला स्वतंत्र उत्तर आहे, म्हणून स्वतंत्र संदेश योग्यच. अशा कामात क्रम महत्त्वाचा असल्याने क्रमांकही हवेतच.

नाइलाजाने_सचिव:
सर्वांचे वाचून मसुदा नव्याने केला आहे. पाण्याचा संदेश असा असेल:

> गुरुवारी सकाळी १० ते दुपारी ४ पाणी बंद (तळमजला सोडून). बुधवारी रात्री पाणी भरून ठेवावे. कारण: टाकीची स्वच्छता. वाचले असल्यास अंगठा द्यावा.

त्यानंतर सभेचे मतदान. सायकलींचा संदेश दुसऱ्या दिवशी आणि आभार सभेतच मानेन. सगळे मसुदे आधी वहीत लिहून एकापाठोपाठ डकवणार आहे, म्हणजे मधे किल्ली शिरणार नाही. काही चुकते आहे का?

टाचणी:
‘गुरुवारी’च्या पुढे तारीख घालावी. संदेश उशिरा उघडणाऱ्याला किंवा पुढच्या आठवड्यात कोणाकडून आलेला वाचणाऱ्याला कोणता गुरुवार ते कळत नाही. आणि ‘वाचले असल्यास’ऐवजी ‘पाणी भरणार असल्यास’ लिहावे. २६ जणांनी मागच्या वेळीही वाचलेच होते.

मोठा_टाइप:
एक शंका. दोन संदेश लागोपाठ पाठवले, तर यादीत ग्रुपच्या नावाखाली शेवटचाच दिसतो. म्हणजे मतदान दिसेल आणि पाणी मागे पडेल. मग महत्त्वाचा संदेश शेवटी पाठवायला नको का?

टाचणी:
मी महत्त्वाचा आधी पाठवतो आणि तो वर टाचून ठेवतो, कारण न वाचलेले संदेश उघडणारा माणूस वरून खाली वाचत येतो. पण नुसती यादी बघून फोन खाली ठेवणारेही पुष्कळ असतात, आणि त्यांच्यासाठी तुमचे म्हणणे बरोबर ठरेल. तुमच्या ग्रुपवर कोणते जास्त आहेत ते मला इथून सांगता येणार नाही.

नाइलाजाने_सचिव:
मग या वेळी मतदान सकाळी आणि पाण्याचा संदेश संध्याकाळी एकटाच पाठवून बघते. गुरुवारी साडेदहाला किती फोन येतात, ते इथे कळवेन.

दारावरची_पाटी:
तळमजल्याला थेट जोडणी कशी काय मिळाली? आमच्याकडे त्यावरूनच वाद चालू आहे.